धागा : मीटर बदललं, बिल जुन्याच मीटरवर, चौथ्यांदा तीच चूक. कच्च्या नोंदींवरून अर्ज कसा लिहायचा?

दुधनाकाठ | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरगुती सिंगल फेज कनेक्शन, काकांच्या नावावर. जुलैमध्ये मीटर बदलून गेले, तेव्हापासून दर महिन्याला चुकीचं बिल यायलंय. ऑफिसात गेलं की पेननं रक्कम कमी करून देतात, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आता वीज तोडण्याचा एसएमएस आलाय. लेखी अर्ज द्यायचाय. काकांच्या डायरीतल्या आणि माझ्या मोबाइलमधल्या नोंदी आहेत तशा देतो :

– जून बिल, २० जूनपर्यंतचं. बरोबर. रीडिंग ८४११.
– १० जुलैला मीटर बदललं. जुन्याचा डिस्प्ले पुसट झाला होता म्हणून. चिठ्ठी दिली. जुन्याचं शेवटचं रीडिंग ८४६२ (का ८४८२? कार्बन कॉपी, नीट दिसत नाही). नव्याचं ३.
– जुलै बिल : १८६ युनिट, रु. १,९७०. भरलं.
– ऑगस्ट : १८६ युनिट, रु. १,९८०. ऑफिसात गेलो, पेननं ७३० केले, सही केली. भरले.
– सप्टेंबर : पुन्हा १८६. एकूण रु. ३,२३०. पेननं ७४०. भरले.
– ऑक्टोबर : पुन्हा १८६! एकूण रु. ४,५००. भरलं नाही.
– बिलावर मीटर नंबर जुनाच. स्थिती "FAULTY".
– नव्या मीटरचे फोटो : २० सप्टेंबर १९५, २० ऑक्टोबर २७३. जुलै-ऑगस्टचे फोटो नाहीत.
– साहेब म्हणाले, "होऊन जाईल." लाइनमन म्हणाला, "एजन्सीनं मीटर चढवलं नसंल."

मी लिहिलेला अर्ज असा सुरू होतो : "आपल्या कार्यालयाच्या गलथान कारभारामुळे आम्हा गरीब ग्राहकांची गेल्या चार महिन्यांपासून लूट चालू असून…" पुढं दोन पानं आहेत. सगळं टाकू का इथं?

---

तिफण | २ नोव्हेंबर, रात्री ९:३२

दोन पानं टाकू नका, एका ओळीचं काम आहे. मीटर फॉल्टी असलं तर सरासरीचं बिल जास्तीत जास्त तीन महिने लावता येतं. नियामक आयोगाच्या वीजपुरवठा संहितेतच आहे. तुमचं चौथं बिल सरासरीचं आलंय, म्हणजे ऑक्टोबरचं बिल रद्द. तेवढंच मागा.

---

पांढरीची माती | २ नोव्हेंबर, रात्री ९:५०

हे नवीन मीटर पळतंच जास्त. सगळ्या गल्लीची बोंब आहे. आधी मीटर टेस्टिंगला अर्ज करा, फी भरा, मीटर काढून लॅबला पाठवायला लावा. आमच्या घरी पण नवीन मीटर बसल्यावर बिल दीडपट झालं. टेस्टिंग झाल्याबिगर ऐकत नाहीत.

---

लेजरबुक | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दुधनाकाठ, अर्ज नंतर पाहू. आधी तुमच्या नोंदी काय सांगतायत ते बघू, कारण चूक नेमकी कुठं आहे हे कळल्याशिवाय मागायचं काय तेच ठरत नाही.

चार महिने ओळीनं १८६. मीटरवरून वाचलेले युनिट असे कधीच सारखे येत नाहीत, ही सिस्टिमनं लावलेली सरासरी आहे. एप्रिल, मे, जूनची बिलं काढून युनिट बघा. बहुतेक त्यांची सरासरी १८६ निघेल. म्हणजे उन्हाळ्यात कूलर चालला त्याचा हिशेब तुम्ही पावसाळाभर भरताय.

ही सरासरी का लागली, तर मीटर बदलणाऱ्यानं केलेला मीटर बदली अहवाल उपविभागात जाऊन सिस्टिममध्ये चढायला हवा. तो चढत नाही तोवर तुमच्या ग्राहक क्रमांकापुढं जुनाच मीटर नंबर राहतो. रीडिंग घेणारा पोरगा दारात येतो, त्याच्या मोबाइलवर जुना नंबर आणि भिंतीवर नवीन मीटर. त्याला रीडिंग टाकता येत नाही, मग तो फॉल्टी मारून पुढं जातो आणि सिस्टिम सरासरी लावते. लाइनमन बरोबर बोलला.

@तिफण, तीन महिन्यांची मर्यादा खरी आहे, पण ती बंद पडलेल्या मीटरसाठी. इथं मीटर व्यवस्थित चालू आहे, फक्त त्याची नोंद नाही. तीन महिन्यांचा मुद्दा मांडला की जुलै ते सप्टेंबरची सरासरी तुम्ही स्वतःच कबूल केल्यासारखं होतं. तुमच्या नियमानं एक बिल सुटेल, पण खरं तर चारही चुकीची आहेत.

@पांढरीची माती, टेस्टिंग अजिबात नको. यांच्या मीटरवर महिन्याला ऐंशीच्या आसपास युनिट पडतायत, म्हणजे मीटर त्यांच्याच बाजूनं साक्ष देतंय. त्या साक्षीदारावर संशय कशाला घ्यायचा? टेस्टिंगचा अर्ज गेला की फाइल त्या टेबलावर जाते आणि बिलदुरुस्ती "अहवाल आल्यावर" म्हणून थांबते.

---

दुधनाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बिलं काढली. एप्रिल १७२, मे १९७, जून १८९. बेरीज ५५८, भागिले तीन १८६. बरोब्बर!

पण पेननं दुरुस्त करून दिलेलं पुन्हा का येतं? सही-शिक्का आहे त्यावर.

---

लेजरबुक | २ नोव्हेंबर, रात्री ११:३०

तीच खरी मेख आहे. बिलावर पेननं लिहिलेली रक्कम म्हणजे तेवढेच पैसे घ्यायची काउंटरला दिलेली परवानगी. खात्यातली मागणी त्यानं कमी होत नाही. मागणी कमी व्हायची तर बिलदुरुस्तीचा बी-८० करावा लागतो, तो मंजूर होऊन तुमच्या खातेवहीत, म्हणजे सीपीएलमध्ये, वजा पडावा लागतो.

झालाय का ते घरबसल्या ओळखता येतं. ऑगस्टचं बिल १,९८०, भरले ७३०. फरक १,२५०. सप्टेंबरच्या बिलात "मागील थकबाकी" किती आहे?

---

दुधनाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ११:४१

१,२५०. त्याखाली व्याज नि विलंब आकार २०.
ऑक्टोबरच्या बिलात थकबाकी २,४९० आणि व्याज वगैरे ४०. "समायोजित रक्कम" दोन्हीकडं शून्य.

---

लेजरबुक | २ नोव्हेंबर, रात्री ११:५५

म्हणजे एकदाही बी-८० झालेला नाही. फरक जसाच्या तसा थकबाकीत गेला आणि त्यावर व्याजही बसलं. तुम्ही भरलेले ७३० आणि ७४० हे कंपनीच्या लेखी अपुरे भरणे आहेत, म्हणून तोडायचा एसएमएस.

तेव्हा अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या : नवीन मीटर खात्यावर चढवा, आणि मागच्या चारही बिलांचा बी-८० करा. पहिली झाली आणि दुसरी राहिली तर काय होतं ते उद्या सांगतो, कारण ती खोड फार वाईट आहे.

---

पाटीपेन्सिल | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दुधनाकाठ, तुमच्या अर्जाची पहिली ओळ वाचून चहा पुढे सरकवला. "गलथान", "लूट", "गरीब ग्राहक" हे तिन्ही शब्द काढा. राग चुकीचा आहे असं नाही, पण हा अर्ज ज्या लेखनिकाच्या टेबलावर जाईल त्याला यातून एकही आकडा मिळत नाही. त्यानं नुसतं "विषय" वाचून कुठल्या रजिस्टरला टाकायचं ते ठरवलं पाहिजे.

विषय असा नको : "चुकीच्या वीजबिलाबाबत तक्रार". असे अर्ज रोज ढिगानं येत असतील. असा लिहा : "मीटर बदलल्यानंतर नवीन मीटरची नोंद न झाल्याने जुन्या मीटर क्रमांकावर सरासरी देयके येत असल्याबाबत". लांब वाटेल, पण काम कळतं.

आणि "साहेब म्हणाले होऊन जाईल", "लाइनमन म्हणाला" हे अर्जात घेऊ नका. तोंडी बोलणं कुणीही नाकारतं, शिवाय जो लाइनमन खरं बोलला तोच अडचणीत येतो.

---

तिफण | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

ठीक आहे, तीन महिन्यांचं मागं घेतो. पण पैसे तर मागायला पाहिजेत ना? चार महिन्यांत जास्तीचे किती युनिट, गुणिले दर, इतके रुपये परत द्या, असं सरळ लिहा.

---

लेजरबुक | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

रुपये लिहू नका, युनिट लिहा. कारण सांगतो.

खरा वापर मोजू. २० जून ते १० जुलै जुन्या मीटरवर : ८४६२ वजा ८४११, म्हणजे ५१. १० जुलै ते २० ऑक्टोबर नव्या मीटरवर : २७३ वजा ३, म्हणजे २७०. चार बिलांचा एकूण वापर ३२१ युनिट. बिलात लावले ७४४. जास्तीचे ४२३.

आता हे ४२३ कुठल्या दराचे? घरगुतीत पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरेच महाग. १८६ चं प्रत्येक बिल म्हणजे १०० पहिल्या टप्प्यातले आणि ८६ दुसऱ्या. तुमचा खरा वापर महिन्याला ऐंशीच्या घरात, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात तुम्ही गेलाच नाहीत. जास्तीच्या ४२३ पैकी ३४४ युनिट, म्हणजे ८६ चोक, महाग दराचे आहेत आणि फक्त ७९ स्वस्त दराचे. तिफणनं म्हटल्याप्रमाणं एकाच दरानं गुणलं तर उत्तर चुकेल. वर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. तुमचा आकडा पाच रुपयांनी जरी चुकला तरी सगळा अर्ज "हिशेब जुळत नाही" म्हणून परत येऊ शकतो. युनिट बरोबर धरले की रुपये सिस्टिम काढते.

आता कालची राहिलेली खोड. समजा नोव्हेंबरमध्ये त्यांनी नवीन मीटर चढवलं, मागील रीडिंग ३ टाकलं आणि चालू रीडिंग साडेतीनशेच्या आसपास आलं. सिस्टिम सगळे साडेतीनशे युनिट एकाच महिन्याचे धरून बिल काढेल. म्हणजे जे युनिट सरासरीत आधीच लावले ते पुन्हा लागतील, आणि एका महिन्यात ३०० ओलांडल्यामुळं तिसऱ्या टप्प्याचा दरही बसेल. म्हणून अर्जात हे स्पष्ट हवं : एकूण वापर त्या त्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्या आणि सरासरीनं लावलेले युनिट वजा करा. ऑफिसात याला "स्लॅब बेनिफिट" म्हणतात, तोच शब्द वापरा.

---

दुधनाकाठ | ३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

दोन अडचणी. एक, जुलै-ऑगस्टचे फोटो नाहीत, मग महिन्यावार युनिट कसे दाखवू? दोन, चिठ्ठीवर ८४६२ की ८४८२ ते खरंच कळत नाही. भिंगानं पाहिलं तरी तेच. काका म्हणतात ८४६२ लिहून टाक, आपल्या फायद्याचं आहे.

---

लेजरबुक | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

पहिल्याची चिंता नको. शेवटचं रीडिंग हातात आहे, एकूण बेरीज पक्की आहे. चार महिन्यांत समान विभागली तर महिन्याला साधारण ८० पडतात. महिन्यांत वीस-पंचवीस इकडचे तिकडे झाले तरी कुठलाच महिना शंभर ओलांडेल असं दिसत नाही. नसलेले आकडे अंदाजानं भरून तक्ता सुंदर करू नका. जिथं फोटो नाही तिथं "नोंद उपलब्ध नाही" लिहा.

दुसऱ्याचं : काकांना म्हणावं, वीस युनिटांसाठी अर्जावरचा विश्वास घालवू नका. मूळ अहवाल त्यांच्याच कार्यालयात आहे. तो काढला आणि ८४८२ निघालं, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांकडंही संशयानं पाहतील. ८४८२ धरलं तरी एकूण ३४१ होतात, चार महिन्यांच्या पहिल्या टप्प्याच्या ४०० मध्येच बसतात. जास्तीचे ४२३ ऐवजी ४०३ होतील, एवढाच फरक. "माझ्याकडील प्रत अस्पष्ट आहे, आपल्याकडील मूळ अहवालातील वाचन ग्राह्य धरावे" असं लिहा. यात तुमचं नुकसान काही नाही, आणि त्यांना मूळ अहवाल शोधून काढावाच लागतो. तो सापडला की मीटर चढवायला सबब उरत नाही.

---

पांढरीची माती | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

बरं, टेस्टिंग राहू द्या. पण आमचं दीडपट झालं त्याचं काय? त्यासाठी पण हाच अर्ज चालंल का?

---

लेजरबुक | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

नाही चालणार. तुमच्या बिलावर मीटर नंबर नवा आहे का, आणि मागील-चालू रीडिंगचा फरक भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का, एवढं पाहा. दोन्ही जुळत असेल तर प्रश्न वेगळा आहे. वेगळा धागा काढा.

---

कोर्टपायरी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

वीज तोडण्याच्या एसएमएसबद्दल. विद्युत कायदा २००३, कलम ५६(१). थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि त्याच कलमाच्या परंतुकानुसार वाद निकाली निघेपर्यंत ग्राहकानं हरकत नोंदवून पैसे भरले तर वीज तोडता येत नाही. भरायचे किती, तर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती.

म्हणून "काहीच भरणार नाही" ही भूमिका घेऊ नका. अर्ज देण्याआधी किंवा त्याच दिवशी भरा आणि अर्जात "हरकत राखून भरणा केला" असं लिहून पावती जोडा. ऑनलाइन कमी रक्कम स्वीकारली गेली नाही तर काउंटरवर भरा.

---

दुधनाकाठ | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

मागचे सहा महिने कुठले? वादाच्या आधीचे, जानेवारी ते जून धरले तर भरलेल्या रकमेची सरासरी १,३८३ येते. एप्रिल ते सप्टेंबर धरले तर १,५५३.

---

कोर्टपायरी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३५

माझ्या मते जानेवारी ते जून. वादातल्या महिन्यांचा भरणा सरासरीत घेतला तर वादच हिशेबात शिरतो. जुलैचे १,९७० हीच तर चूक आहे.

---

लेजरबुक | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ८:००

काउंटरवर मात्र चालू बिलाच्या लगेच आधीचे सहा धरतात. कलमात फक्त "मागील सहा महिने" आहे, आणि मी दोन्ही तऱ्हेनं केलेलं पाहिलंय. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरला सरासरीपेक्षा कमी भरलेत, ते पुरतं की नाही यावरही कुणी बोट ठेवू शकतं. १७० रुपयांसाठी वाद घालू नका, १,५५३ भरा. पैसे खात्यातच जमा राहतात.

---

कोर्टपायरी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ८:१२

भरा, पण मत बदललेलं नाही माझं.

---

पाटीपेन्सिल | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचं एकत्र करून अर्ज बांधलाय. एका पानात बसतो. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

> प्रति,
> मा. उपकार्यकारी अभियंता,
> ……… उपविभाग
>
> विषय : मीटर बदलल्यानंतर नवीन मीटरची नोंद न झाल्याने जुन्या मीटर क्रमांकावर सरासरी देयके येत असल्याबाबत.
>
> संदर्भ : ग्राहक क्रमांक ………, बिलिंग युनिट ………, मीटर बदली अहवाल दि. १०/०७/२०२५.
>
> महोदय,
>
> वरील ग्राहक क्रमांकावरील जुने मीटर (क्र. ………) दि. १०/०७/२०२५ रोजी बदलून नवीन मीटर (क्र. ………) बसविण्यात आले. नवीन मीटरचे सुरुवातीचे वाचन ३ होते. जुन्या मीटरचे अंतिम वाचन माझ्याकडील प्रतीवर अस्पष्ट असून ते ८४६२ असे वाचता येते. आपल्याकडील मूळ अहवालातील वाचन ग्राह्य धरावे.
>
> जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर २०२५ ही चारही देयके जुन्या मीटर क्रमांकावर, प्रत्येकी १८६ युनिट सरासरीने आली आहेत. नवीन मीटर सुरू असून दि. २०/०९/२०२५ रोजी त्याचे वाचन १९५ व दि. २०/१०/२०२५ रोजी २७३ होते. जुलै व ऑगस्टमधील वाचनाची नोंद माझ्याकडे उपलब्ध नाही. दि. २० जून ते २० ऑक्टोबर या काळातील एकूण वापर ५१ + २७० = ३२१ युनिट असून देयकांत ७४४ युनिट आकारले आहेत.
>
> ऑगस्ट व सप्टेंबरची देयके आपल्या कार्यालयाने हस्ताक्षराने अनुक्रमे रु. ७३० व रु. ७४० अशी दुरुस्त करून दिली व मी ती भरली. मात्र खात्यात दुरुस्ती न झाल्याने फरकाची रक्कम पुढील देयकांत थकबाकी व व्याजासह येत आहे.
>
> तरी विनंती की,
> १. नवीन मीटरची माझ्या खात्यावर नोंद करावी.
> २. चारही देयकांची बी-८० द्वारे दुरुस्ती करावी. एकूण वापर चार महिन्यांत विभागून स्लॅब बेनिफिट द्यावा व सरासरीने आकारलेले युनिट वजा करावेत.
> ३. या थकबाकीवर लावलेले व्याज व विलंब आकार रद्द करावेत.
> ४. दुरुस्तीनंतर सीपीएलची प्रत द्यावी.
>
> विद्युत कायदा २००३, कलम ५६(१) च्या परंतुकानुसार रु. १,५५३ हरकत राखून भरले आहेत (पावती सोबत). वाद निकाली निघेपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये.
>
> सोबत : जून ते ऑक्टोबर देयकांच्या प्रती, मीटर बदली चिठ्ठीची प्रत, मीटरचे दोन फोटो, भरणा पावती.

---

लेजरबुक | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

उत्तम. दोनच गोष्टी. फोटोत वाचन आणि मीटरचा नंबर दोन्ही एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. नुसत्या आकड्याचा फोटो कुणाच्याही मीटरचा असू शकतो. तसा नसेल तर उद्या नवीन काढा आणि त्या दिवसाचं वाचनही अर्जात घाला. दुसरं, पेननं दुरुस्त केलेल्या दोन्ही बिलांची मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या. त्या सह्याच तुमचा पुरावा आहेत की कार्यालयाला चूक मान्य होती.

अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलेल्या अर्जाला नंबर पडत नाही.

---

तिफण | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आणि नाही झालं तर?

---

कोर्टपायरी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मग ग्राहक तक्रार निवारण मंच. कायद्याच्या कलम ४२(५) खाली, वकील लागत नाही. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथं हाच अर्ज आणि त्यावरचा आवक शिक्का पहिला कागद असतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. पण इतक्या स्वच्छ प्रकरणात तिथवर जावं लागू नये.

---

दुधनाकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

दिला. आवक नंबर मिळाला. लेखा शाखेतल्या ताईंनी वाचून विचारलं, "स्लॅब बेनिफिट कुणी सांगितलं तुम्हाला?" मूळ बदली अहवाल माझ्यासमोर फाइलीतून काढला. ८४६२च आहे. काका खूश.

---

दुधनाकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

नोव्हेंबरचं बिल आलं. मीटर नंबर नवीन! स्थिती "NORMAL". पण पुढं बघा : मागील रीडिंग ३, चालू ३४९, युनिट ३४६, समायोजित युनिट ०. थकबाकी तशीच. रक्कम पहिल्यापेक्षाही मोठी. काका खूश नाहीत.

---

लेजरबुक | २९ नोव्हेंबर, रात्री ९:००

मीटर चढलं, बी-८० राहिला. तीच खोड. घाबरू नका, आता काम सोपं आहे, कारण त्यांच्याच बिलावर ३ आणि ३४९ दोन्ही छापून आलेत. तुमचे फोटो आता लागतही नाहीत.

हिशेब : २० जून ते २० नोव्हेंबर, पाच बिलांचा खरा वापर ५१ अधिक ३४६, म्हणजे ३९७. नोव्हेंबरच्या आधी लावलेले ७४४. म्हणजे या बिलात ३४६ युनिट वाढायला नको होते, उलट ३४७ वजा व्हायला हवे होते. पुरवणी अर्ज तीन ओळींचा द्या, नवीन गोष्ट सांगू नका :

> दि. ६/११/२०२५ चा अर्ज, आवक क्र. ………. नवीन मीटरची नोंद झाली, परंतु मागणी क्र. २ प्रलंबित असून नोव्हेंबर देयकात ३४६ युनिट एकाच महिन्यात आकारले आहेत. २० जून ते २० नोव्हेंबरचा एकूण वापर ३९७ युनिट पाच महिन्यांत विभागून, आधी आकारलेले ७४४ युनिट वजा करून बी-८० करावा. नोव्हेंबरचे देयक वादग्रस्त आहे.

आणि कुणी पुन्हा पेननं रक्कम कमी करून द्यायला लागलं, तर घ्या, पण विचारा की बी-८० चा नंबर काय.

---

तिफण | २९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

या वेळी हरकत राखून किती भरायचे? पुन्हा सहा महिने मोजायचे का, आणि आता तरी कुठले?

---

कोर्टपायरी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३१

जानेवारी ते जून.

---

लेजरबुक | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३४

मे ते ऑक्टोबर. :)

---

दुधनाकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दोन्ही काढतो, जास्त येईल ते भरतो. सोमवारी जातो आवक विभागात.